ताब्याआधी विकलेला फ्लॅट : कोल्हापुरातल्या एका हस्तांतरणाची गोष्ट

जानेवारी २०२५ मध्ये गारगोटीकडचे एक गुरुजी माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फ्लॅटच्या कराराची झेरॉक्स, पावत्या आणि बँकेचं एक पत्र. जून २०२३ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सागरमाळ भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. निवृत्तीनंतर शहरात राहायचा बेत होता. पण वडील अंथरुणाला खिळले, गाव सोडणं शक्य नाही हे कळून चुकलं आणि हप्त्यांचं ओझं वाढत चाललं. ताब्याला अजून दोन वर्षं होती. फ्लॅट विकून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं.

गिऱ्हाईकही मिळालं होतं. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण आणि त्याची परिचारिका पत्नी. किंमत ठरली ४७ लाख. गुरुजींनी ४२ लाखांना घेतलेला फ्लॅट ४७ ला जातोय, म्हणजे पाच लाख सुटले असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, नवीन पार्टी घेऊन या. तुमचा करार रद्द करू, त्यांना नवीन करून देऊ. पंधरा दिवसांचं काम. त्यांचे पैसे आले की तुमचा चेक तयार." गुरुजी मला एवढंच विचारायला आले होते की रद्द करण्याच्या कागदावर सही करायला काही हरकत आहे का. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, सही आठ दिवस थांबू दे. आधी हिशोब मांडू."

पाच लाखांचा हिशोब

कराराची किंमत ४२ लाख, पार्किंग वगैरे सगळं धरून. चटई क्षेत्र ६८० चौरस फूट, म्हणजे साधारण ६३ चौरस मीटर. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या नमुना करारात हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले असतात. जोत्यापर्यंत ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत, आणि शेवटचे पाच टक्के ताब्याच्या वेळी. गुरुजींच्या इमारतीचे स्लॅब चालू होते आणि त्यांनी ६० टक्के, म्हणजे २५ लाख २० हजार भरले होते. त्यातले १८ लाख बँकेनं कर्ज म्हणून बिल्डरला दिले होते, बाकीचे ७ लाख २० हजार त्यांच्या स्वतःच्या शिलकीतले.

त्यावर जीएसटी १ टक्का, २५ हजार २००. कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक संस्थेचा भाग धरून ६ टक्के, म्हणजे ४२ लाखांवर २ लाख ५२ हजार. नोंदणी फी ३० हजार. सगळं मिळून गुरुजींनी फ्लॅटमध्ये घातलेले पैसे २८ लाख २७ हजार २००.

आता येणारी बाजू. ४७ लाखांपैकी १६ लाख ८० हजार बिल्डरचे हप्ते अजून बाकी होते आणि ते नवा घेणारा थेट बिल्डरला भरणार. म्हणजे गुरुजींच्या हातात येणार ३० लाख २० हजार. त्यातून बिल्डरचं हस्तांतरण शुल्क जायचं. ते शेवटी ८० हजार २४० पडलं, त्याबद्दल पुढे सांगतो. ते वजा जाता उरले २९ लाख ३९ हजार ७६०. घातलेल्या पैशांपेक्षा १ लाख १२ हजार ५६० रुपये जास्त. आणि वीस महिन्यांत बँकेला गेलेलं व्याज होतं पावणेदोन लाखांच्या घरात.

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे पाच लाख नव्हेतच हे." नव्हतेच. ताब्याआधी फ्लॅट विकताना करारातली किंमत आणि विक्रीची किंमत यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी आणि व्याज हे आधीच गेलेले असतात आणि घेणारा ते वेगळे मोजत नाही. तरीही गुरुजींचा निर्णय बदलला नाही, कारण त्यांना पुढचे हप्ते भरायचेच नव्हते. मात्र नफा जवळपास नाही हे समजल्यावर बिल्डरनं सुचवलेल्या वाटेचा खर्च आपल्याला परवडणार नाही हेही त्यांच्या लक्षात आलं.

रद्द करून नवा करार, की हक्काचं हस्तांतरण

बिल्डरचं "नाव बदलून देतो" हे वाक्य दोन अगदी वेगळ्या अवस्थांत ऐकू येतं. तुमच्याकडे फक्त अलॉटमेंट लेटर असेल आणि करार नोंदवलेला नसेल, तर बिल्डर जुनं लेटर रद्द करून नव्या माणसाच्या नावानं लेटर काढू शकतो. तोपर्यंत तुमचे पैसेही फार अडकलेले नसतात, कारण रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण एकदा करार नोंदवला, दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्यावर, तुमचं नाव चढलं, की लेटरहेडवरच्या पत्रानं ते उतरत नाही. मग दोनच रस्ते राहतात. एक, नोंदणीकृत रद्दलेख आणि नव्या घेणाऱ्याशी बिल्डरचा कोरा करार. दोन, गुरुजींनी आपला करारातला हक्क नव्या घेणाऱ्याला नोंदणीकृत दस्तानं द्यायचा आणि बिल्डरनं त्याच दस्तात मान्यता देणार म्हणून सही करायची. याला आम्ही बोलताना त्रिपक्षीय करार किंवा असाइनमेंट म्हणतो.

बिल्डरला पहिला रस्ता आवडतो. त्याच्या हिशोबाच्या वह्या स्वच्छ राहतात, करार नव्या दरानं होतो, आणि ताब्याची तारीखही नव्यानं लिहिता येते. या शेवटच्या गोष्टीकडे घेणारे फारसं लक्ष देत नाहीत. गुरुजींच्या करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०२६ होती. नव्या कराराचा जो मसुदा बिल्डरनं पाठवला त्यात ती डिसेंबर २०२७ झाली होती. उशीर झाला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा रेराच्या कलम १८ चा हक्क करारातल्या तारखेवर उभा असतो. तारीख वर्षभर पुढे गेली की हक्कही वर्षभर पुढे गेला. असाइनमेंटमध्ये मूळ करार जसाच्या तसा जिवंत राहतो आणि नवा माणूस त्याच तारखेसह आत येतो. रेरा कायद्यात 'अलॉटी'च्या व्याख्येतच विक्री, हस्तांतरण किंवा अन्य मार्गानं ते वाटप नंतर मिळवणारी व्यक्ती धरलेली आहे, त्यामुळे नवा घेणारा दुय्यम दर्जाचा ठरत नाही.

पैशाच्या बाजूनं फरक याहून मोठा निघाला. गुरुजींना जीएसटी १ टक्का लागला होता, कारण ९० चौरस मीटरच्या आतलं चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंतची एकूण आकारणी या दोन्ही अटींत त्यांचा फ्लॅट बसत होता. नवा करार ४७ लाखांचा झाला असता तर दुसरी अट तुटली असती. मग दर ५ टक्के, आणि तोही पूर्ण ४७ लाखांवर, म्हणजे २ लाख ३५ हजार. असाइनमेंटमध्ये बिल्डरची आकारणी ४२ लाखांच्या जुन्या करारावरच चालू राहते. नव्या जोडप्याला उरलेल्या १६ लाख ८० हजारांवर १ टक्का, म्हणजे १६ हजार ८०० एवढाच जीएसटी. गुरुजींना मिळालेली वरची रक्कम बिल्डरची आकारणी नव्हे, ती एका खासगी माणसानं दुसऱ्याला दिलेली किंमत आहे. जोडप्याला मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. रद्दलेखाचा विषय त्यांच्याकडून तिथेच संपला.

मुद्रांक शुल्काचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दोन गैरसमज ठाण मांडून बसलेत. पहिला असा की करार रद्द केला की शुल्क परत मिळतंच. नोंदवलेला करार रद्द झाल्यावर परतावा मागता येतो, पण तो कायद्याच्या अटींत बसला आणि मुदतीत मागितला तरच. स्वतःच्या सोयीनं, जादा दरानं विकण्यासाठी करार रद्द करणाऱ्याला परतावा मिळेल या भरवशावर अडीच लाख सोडू नयेत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा अर्ज रद्दलेख नोंदवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, पूर्वी दोन वर्षं मिळत. नोंदणी फी तर गेलीच समजायची.

दुसरा गैरसमज उलटा आहे. असाइनमेंटवर नव्या माणसाला पूर्ण ४७ लाखांवर पुन्हा ६ टक्के भरावे लागतात, असं कुणीतरी त्या जोडप्याला सांगितलं होतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अनुच्छेद ५ मध्ये गुंतवणूकदाराची तरतूद आहे. बिल्डरकडून घेतलेलं युनिट ठरावीक मुदतीत पुढे विकलं तर पहिल्या करारावर भरलेलं शुल्क दुसऱ्या दस्ताच्या शुल्कात वळतं होतं. ही मुदत पूर्वी एक वर्ष होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षं केली. गुरुजींचा करार वीस महिन्यांचा होता, म्हणजे मुदतीत बसत होता.

पण मुदत पाळून भागत नाही. मूळ करार त्या तरतुदीखाली आहे का, त्यात तसं कलम आहे का, हे आधी बघावं लागतं. आम्ही कराराची सगळी पानं काढली. बिल्डरच्या छापील मजकुरात, पार्किंगच्या कलमाच्या मागे, दोन ओळींत ते कलम होतं. गुरुजींनी सही करताना ते वाचलंही नव्हतं. ते नसतं तर पूर्ण शुल्क भरायची तयारी ठेवावी लागली असती आणि ४७ लाखांचा सौदा बहुधा मोडला असता. वजावटीचा आकडा तोंडी कबुलीवर न ठेवता आम्ही मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती हे अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. त्यात दोन आठवडे गेले, पण नोंदणीच्या टेबलावर वाद घालायची वेळ आली नाही. भरायचा राहिला तो प्रामुख्यानं पाच लाखांच्या फरकावरचा भाग.

बिल्डरची मान्यता आणि तिची किंमत

असाइनमेंटला बिल्डरची सही लागते आणि ती सही फुकट मिळत नाही. बहुतेक करारांत कलम असतं की बिल्डरचं सगळं येणं भागवल्याशिवाय घेणाऱ्याला आपला हक्क पुढे देता येणार नाही. त्याला धरूनच बिल्डर ना हरकत पत्राची अट आणि शुल्क लावतो. गुरुजींच्या करारात दर लिहिलेलाच नव्हता, "त्या वेळी लागू असलेल्या दराने" एवढंच होतं. पहिली मागणी आली चौरस फुटाला २०० रुपये, म्हणजे १ लाख ३६ हजार.

जोडप्यातला तरुण तेव्हा म्हणाला, "वकीलसाहेब, ट्रान्सफर फी पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही ना?" ती मर्यादा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या हस्तांतरण अधिमूल्याला आहे, संस्थेचा सभासद फ्लॅट विकतो तेव्हाची. इथे संस्था अजून झालेलीच नव्हती आणि बिल्डरला ती मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे कायद्याचं बोट दाखवून हा आकडा खाली आणता येत नाही, तो बोलूनच आणावा लागतो. गुरुजींच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या. त्यांचा एकही हप्ता उशिरा गेलेला नव्हता, आणि असाइनमेंटमध्ये बिल्डरला फ्लॅट पुन्हा विकत बसायचा नव्हता. १०० रुपयांवर तोड निघाली. ६८ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, १२ हजार २४०. याचं रीतसर बिल मागून घेतलं. बिल्डरच्या माणसाला ते नको होतं, पण भांडवली नफ्यातून हा खर्च वजा करायचा तर कागद लागतो.

मान्यता मागण्याआधी आम्ही गुरुजींच्या खात्याचा उतारा मागवला होता आणि बरं झालं मागवला. पावत्यांची बेरीज २५ लाख २० हजार होती. उताऱ्यात जमा दिसत होते २४ लाख ६९ हजार. एक्कावन्न हजारांचा फरक. पावत्या एकेक करून लावल्या तेव्हा कळलं की बुकिंगच्या दिवशी दिलेला ५१ हजारांचा चेक बिल्डरच्या ऑफिसानं पुढे होणाऱ्या संस्थेच्या अनामत रकमेत टाकला होता. पैसे बुडाले नव्हते, चुकीच्या खान्यात होते. पण असाइनमेंटमध्ये "आजपर्यंत २५,२०,००० रुपये मिळाले" असं बिल्डर मान्य करतो आणि नवा माणूस तेवढ्याच आधारावर पैसे देतो. उतारा तसाच राहिला असता तर सहा महिन्यांनी ५१ हजारांची मागणी व्याजासह त्या जोडप्याकडे गेली असती. दुरुस्त उतारा, शिक्का आणि सहीसह, दस्ताला जोडला.

ना हरकत पत्र बिल्डरनं आधी चार ओळींचं दिलं होतं: हस्तांतरणास आमची हरकत नाही. ते पुरेसं नव्हतं. दस्तात आम्ही बिल्डरकडून चार गोष्टी घेतल्या. मिळालेली रक्कम आणि बाकी रक्कम आकड्यांत. मूळ करारातली किंमत, क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक आणि ताब्याची तारीख कायम. पुढच्या मागणीपत्रांवर नव्या जोडप्याचं नाव. आणि चौथी, जी गुरुजींसाठी सगळ्यात महत्त्वाची होती: दस्त नोंदवल्यानंतरच्या कोणत्याही हप्त्यासाठी गुरुजी जबाबदार नाहीत. हे वाक्य नसेल तर मूळ करारावर सही केलेला माणूस कागदावर देणेकरी राहू शकतो, आणि नव्या घेणाऱ्यानं हप्ते थकवले तर नोटीस गारगोटीला जाईल.

कुणाचे पैसे आधी

रद्दलेखाच्या रस्त्यावर मला जी भीती होती ती पैशांच्या क्रमाची. रद्दलेख नोंदवला की गुरुजींचा फ्लॅटवरचा हक्क त्याच क्षणी संपतो आणि हातात राहतो बिल्डरचा शब्द. "पार्टीचे आले की देतो" म्हणजे ती पार्टी माघारी फिरली तर गुरुजींकडे फ्लॅटही नाही आणि पैसेही नाहीत, वर बँकेचं १८ लाखांचं कर्ज तसंच उभं.

असाइनमेंटमध्येही क्रम बांधावा लागतो, कारण इथे तिढा बँकेचा असतो. गुरुजींचा मूळ नोंदणीकृत करार त्यांच्या बँकेत तारण होता. जोडप्याला ३५ लाखांचं कर्ज हवं होतं आणि त्यांच्या बँकेला मूळ करार हातात आल्याशिवाय पैसे सोडायचे नव्हते. जुनी बँक पैसे आल्याशिवाय करार सोडणार नव्हती. हा तिढा रोजचाच आहे आणि त्याची वाटही ठरलेली आहे, फक्त ती आधी लिहून घ्यावी लागते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विसार पावती केली. जोडप्यानं एक लाख रुपये गुरुजींच्या खात्यावर भरले. पावतीत अट अशी की ४५ दिवसांत बिल्डरची मान्यता किंवा बँकेची मंजुरी आली नाही तर लाख रुपये जसेच्या तसे परत. मग गुरुजींनी आपल्या बँकेकडून दोन पत्रं घेतली. एकात कर्ज बंद करायला ठरावीक तारखेला किती रक्कम लागेल ते, दुसऱ्यात बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी. व्याजदर बदलता होता, त्यामुळे मुदतीआधी फेडीचा दंड नव्हता. ही दोन पत्रं आणि बिल्डरची मान्यता पाहून नव्या बँकेनं मंजुरी दिली. बिल्डरचा प्रकल्प त्यांच्या मंजूर यादीत आधीच होता, नसता तर आणखी महिना गेला असता.

याच टप्प्यावर तरुणाच्या वडिलांनी एक सुचवलं. गुरुजींना तीन लाख रोख द्यायचे आणि दस्त ४४ लाखांचा करायचा, म्हणजे शुल्कही वाचेल. माणूस चांगला, हेतू मुलाचे पैसे वाचवण्याचा. मी त्यांना समजावून सांगितलं की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला, स्वीकारलेल्या रकमेइतकाच. म्हणजे तीन लाख घेतले तर गुरुजींना तीन लाखांचा दंड बसू शकतो. मुलाचंही नुकसान होतं: पुढे कधी फ्लॅट विकला तर कागदावर खरेदी ४४ लाखांची दिसणार आणि तीन लाखांचा जादा नफा त्याच्या माथी येणार. शिवाय बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीच्या प्रमाणात. वडील म्हणाले, "मग राहू दे ते." विषय मिटला.

आयकराचं गुरुजींनीही विचारलं होतं. मूळ करार जून २०२३ चा, त्यामुळे २४ महिने जून २०२५ ला भरत होते. त्याआधी विकलं तर नफा अल्पकालीन, उत्पन्नात मिळून स्लॅबप्रमाणे कर. नंतर विकलं तर दीर्घकालीन, साडेबारा टक्के. त्यांचे सनदी लेखापाल म्हणाले की नफाच सव्वा लाखाच्या आत आहे, तर करातला फरक काही हजारांचा. त्यासाठी चार महिने थांबायचं म्हणजे मधे पुढचा स्लॅब पडून लाखांचा हप्ता भरायचा आणि त्यावर व्याज द्यायचं. थांबण्यात अर्थ नव्हता. नफा मोठा असता तर उत्तर वेगळं आलं असतं. किंमत ५० लाखांच्या खाली असल्यानं घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापण्याचा प्रश्न आला नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा

१ एप्रिलपासून रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी बाजारमूल्याचे, नवे दर येणार म्हणून मार्चअखेर करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही २५ मार्चची वेळ आगाऊ घेतली होती. सकाळी साडेदहाला गुरुजी, ते जोडपं, बिल्डरच्या वतीनं सही करणारा माणूस आणि त्याच्या कुलमुखत्यारपत्राची प्रत, दोन ओळखदार साक्षीदार, दोन्ही बँकांचे प्रतिनिधी असे सगळे व्हरांड्यात उभे. बिल्डरच्या माणसाचं कुलमुखत्यारपत्र मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. त्यात करारावर सही करण्याचा अधिकार होता, हस्तांतरणाला मान्यता देण्याचा उल्लेखच नव्हता. संध्याकाळी बिल्डरकडून खास या दस्तापुरतं अधिकारपत्र मागवलं. ही उणीव नंतर निघाली असती तर बिल्डरची मान्यता कागदावर असून नसल्यासारखी झाली असती.

पैसे असे गेले. लाख रुपये विसाराचे आधीच आलेले. जोडप्यानं स्वतःचे ७ लाख २० हजार आदल्या दिवशी गुरुजींच्या खात्यावर आरटीजीएसनं भरले. नव्या बँकेचे २२ लाख दोन डिमांड ड्राफ्टमध्ये: एक १७ लाख ९० हजारांचा, थेट गुरुजींच्या कर्जखात्याच्या नावानं, दुसरा ४ लाख १० हजारांचा, गुरुजींच्या नावानं. अंगठे, फोटो आणि सह्या झाल्या, दस्ताचा क्रमांक पडला, आणि मगच ड्राफ्ट हातातून हातात गेले. पहिला ड्राफ्ट गुरुजींच्या हातात दिलाच नाही. तो नव्या बँकेच्या माणसानं जुन्या बँकेच्या माणसाला दिला आणि पोचपावतीची झेरॉक्स दस्ताच्या फाइलला लागली. गुरुजींना त्यात अविश्वास वाटला नाही, उलट ते म्हणाले, "बरं झालं, माझ्याकडून काही राहायला नको."

मूळ करार जुन्या बँकेतून बाहेर यायला अकरा दिवस लागले. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, त्यामुळे शाखेनं फार ताणलं नाही. कर्जाच्या वेळी गहाणाची जी नोंद झाली होती ती उठवल्याचा कागदही सोबत घेतला. तो विसरला तर पुढच्या शोध अहवालात जुन्या बँकेचा बोजा फ्लॅटवर दिसत राहतो, आणि दहा वर्षांनी कुणीतरी त्यावरून अडतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जोडप्यातल्या परिचारिका ताईंचा फोन आला. बिल्डरचं नवीन मागणीपत्र आलं होतं, सहाव्या स्लॅबचं, दोघांच्या नावानं. रक्कम बरोबर होती, जीएसटी १ टक्काच लावला होता आणि वर भरलेल्या रकमेच्या खान्यात २५ लाख २० हजार लिहिलेले होते. मी त्यांना म्हटलं, त्या पत्राची एक प्रत गुरुजींनाही पाठवा. दोन दिवसांनी गुरुजींनी ती पोचल्याचं कळवलं आणि त्यांनी ती आपल्या कर्ज बंद झाल्याच्या दाखल्याबरोबर त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.